स्पष्ट फोटो मुद्दाम बिघडवून सुपर-रिझोल्यूशनसाठी जोड्या तयार करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील सर्व उत्तरे एकाच उदाहरणाभोवती लिहिली आहेत. मोबाइलवर काढलेले आणि नंतर निरोपांच्या ॲपवरून पुढे पाठवलेले दुकानांच्या व संस्थांच्या पाट्यांचे फोटो दोन्ही बाजूंनी चौपट मोठे व स्पष्ट करायचे आहेत, म्हणजेच त्यांचे सुपर-रिझोल्यूशन करायचे आहे, आणि त्यासाठी न्यूरल नेटवर्क शिकवायचे आहे. मी हेच काम केले असल्यामुळे उदाहरणही तेच घेतले आहे. उपग्रहाची छायाचित्रे, जुन्या चित्रफिती किंवा क्ष-किरण प्रतिमा यांचा बिघाड वेगळ्या मार्गाने होतो, त्यामुळे येथील आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नयेत. मोजण्याची पद्धत मात्र त्यांनाही लागू पडेल.

जोडी म्हणजे नेमके काय, आणि ती कृत्रिमरीत्या का तयार करावी लागते?

एका जोडीत एकाच दृश्याच्या दोन प्रतिमा असतात: एक मोठी व स्पष्ट, दुसरी लहान व बिघडलेली. नेटवर्कला लहान प्रतिमा दाखवली जाते आणि त्याने दिलेले उत्तर मोठ्या प्रतिमेशी पिक्सेलमागून पिक्सेल ताडून पाहिले जाते. अडचण अशी की आपल्या हाती आलेल्या बिघडलेल्या फोटोची स्पष्ट आवृत्ती जगात कोठेही नसते. ती असती तर हा खटाटोप करण्याची गरजच नव्हती. म्हणून उलट दिशेने जावे लागते: स्पष्ट फोटो घ्यायचा आणि खऱ्या फोटोची जी दशा होते ती त्याची करायची.

खऱ्या जोड्या मिळवण्याचे प्रयत्न झालेले आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिअल-एसआर या संचासाठी एकाच दृश्याचे फोटो एकाच कॅमेऱ्याने वेगवेगळ्या केंद्रांतरांवर काढून ते काटेकोरपणे एकमेकांवर बसवले गेले. ते मोलाचे काम आहे; पण दृश्य हलून चालत नाही, फोटो एकमेकांवर बसवणे कष्टाचे असते, आणि त्यातून त्या ठरावीक कॅमेऱ्यांचाच बिघाड शिकता येतो. चार जणांच्या फोनमधून फिरून आलेला फोटो त्या मार्गाने मिळत नाही.

फोटो बायक्युबिक या आकार बदलण्याच्या नेहमीच्या पद्धतीने चौपट लहान केला तर पुरत नाही का?

पुरत नाही. २०१७ मध्ये आलेल्या DIV2K या १००० फोटोंच्या संचामुळे ही सवय रूढ झाली. त्यातील ८०० फोटो शिकवण्यासाठी, १०० पडताळणीसाठी आणि १०० चाचणीसाठी असून बायक्युबिकने लहान केलेल्या प्रती सोबतच मिळतात. त्यावर शिकलेले नेटवर्क बायक्युबिकने लहान केलेल्या फोटोंवर उत्तम चालते. खऱ्या फोटोवर मात्र ते दोन चुका करते. एक तर ब्लर तसाच ठेवते, कारण तसला ब्लर त्याने कधी पाहिलेलाच नसतो. आणि नॉइजचे ठिपके व जेपेगचे चौकोन यांना ते खरा तपशील समजून अधिक ठळक करते. पाटीवरील रंगाच्या सपाट भागात जाळी उमटलेली दिसली, तर कारण बहुधा हेच असते.

२०२१ मध्ये बीएसआरगॅन आणि रिअल-ईएसआरगॅन या दोन कामांनी ब्लर, आकारबदल, नॉइज आणि जेपेग यांची लांब व यादृच्छिक साखळी वापरून ही उणीव बरीच भरून काढली. बीएसआरगॅनमध्ये पायऱ्यांचा क्रम पिसला जातो, तर रिअल-ईएसआरगॅनमध्ये तीच साखळी दोनदा चालवली जाते. फोटो कोठून येतील हे आधी ठाऊक नसेल तेव्हा या साखळ्या वापरणे योग्यच आहे. आपल्याला मात्र फोटोचा मार्ग ठाऊक आहे, त्यामुळे तो मोजून त्याची नक्कल करणे अधिक फायद्याचे ठरते, असे माझे मत आहे.

मूळ फोटो कोणते घ्यावेत?

खरोखर स्पष्ट असलेलेच घ्यावेत. हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि मोडतोही सर्वाधिक. मूळ फोटोमध्येच जेपेगचे चौकोन किंवा नॉइज असेल, तर ते चौकोन म्हणजेच बरोबर उत्तर आहे असे आपण नेटवर्कला शिकवत असतो. जेपेगमध्ये काढलेला फोटो घ्यायचा झाल्यास तो प्रथम दोन्ही बाजूंनी निम्मा लहान करावा. चार पिक्सेलची सरासरी होऊन बराचसा नॉइज आणि चौकोनांच्या कडा निघून जातात आणि जे उरते ते बहुतेक वेळा मूळ म्हणून वापरण्याजोगे असते.

त्यानंतर फोटोचे तुकडे पाडताना पार्श्वभूमीतील धूसर भाग वगळावेत; कडा ठळक करणाऱ्या लॅप्लेशियन गाळणीच्या उत्तराचे विचलन मोजून असे तुकडे ओळखता येतात. मात्र आकाश आणि रंगवलेली भिंत यांचे सपाट तुकडे सरसकट काढून टाकू नयेत. नॉइज सर्वाधिक तेथेच दिसतो, आणि सपाट भाग सपाट ठेवायचा असतो हेही नेटवर्कला शिकावेच लागते. मी दर दहा तुकड्यांत एक सपाट तुकडा ठेवतो.

खऱ्या फोटोतील ब्लर मोजायचा कसा?

आपल्याला ज्या प्रकारचे फोटो सुधारायचे आहेत तसे पन्नासेक फोटो समोर घ्यावेत आणि प्रत्येकात एक सरळ, किंचित तिरपी, गडद-उजळ कड शोधावी. पाटीच्या पत्र्याची कड यासाठी उत्तम. अक्षराचा उभा दंड घेऊ नये, कारण तो अरुंद असल्याने त्याच्या दोन्ही कडा ब्लरमध्ये एकमेकींत मिसळतात.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. कडेला लंब दिशेने पिक्सेलची मूल्ये घेतली आणि ती पडद्यासाठीच्या गॅमा प्रमाणातून प्रकाशाच्या रेषीय प्रमाणात आणली. गडद बाजू ०.०२ आणि उजळ बाजू ०.६२ आली, म्हणजे एकूण चढ ०.६०. या चढाच्या १० टक्क्यांवर मूल्य ०.०८ असते आणि ९० टक्क्यांवर ०.५६. या दोन मूल्यांमधील अंतर ३.१ पिक्सेल भरले. ब्लर गॉसियन धरला तर हे अंतर त्याच्या प्रमाण विचलनाच्या २.५६ पट असते, म्हणून विचलन साधारण १.२१ पिक्सेल आले. हे लहान फोटोतील पिक्सेल आहेत. चौपट मोठ्या मूळ फोटोत तेच विचलन ४.८४ पिक्सेल होते.

पण फोटो लहान करतानाही सरासरीमुळे थोडा ब्लर येतोच आणि तो आधी वजा करायला हवा. चार पिक्सेलच्या सरासरीच्या विचलनाचा वर्ग सुमारे १.३ असतो. ४.८४ चा वर्ग २३.४, त्यातून १.३ वजा केल्यास २२.१ उरतात आणि त्याचे वर्गमूळ ४.७. मूळ फोटोला लावायच्या गॉसियन कर्नलचे, म्हणजे ब्लर करणाऱ्या वजनांच्या चौकोनी कोष्टकाचे, विचलन ४.७ ठेवायचे. मोठ्या ब्लरमध्ये या वजाबाकीने विशेष फरक पडत नाही, पण कड जितकी तीक्ष्ण तितकी ती महत्त्वाची ठरते.

येथे कर्नलच्या आकाराकडेही लक्ष द्यावे. प्रचलित साखळ्यांत कर्नल बहुधा २१ × २१ पर्यंतच असतो. विचलन ४.७ असताना त्याच्या दोन्ही बाजूंना तीनपट जागा हवी असल्यास किमान २९ × २९ आकार लागतो. आकार लहान ठेवला तर कर्नलच्या कडा कापल्या जातात आणि आपण मोजलेला ब्लर प्रत्यक्षात लागतच नाही.

पन्नास फोटोंच्या मोजमापांतून एकच आकडा काढू नये. आकड्यांची पूर्ण वाटणी जपून ठेवावी आणि शिकवताना तिच्यातूनच आकडे उचलावेत. काही कडांच्या शेजारी पांढरी किनार दिसेल. ती फोनने आपणहून केलेल्या शार्पनिंगची असते; तशा फोटोंच्या प्रमाणात साखळीतही शार्पनिंगची पायरी ठेवावी.

नॉइज म्हणून सगळीकडे सारखा गॉसियन नॉइज टाकला तर चालेल का?

चालेल असे वाटते, पण त्याने सावलीतल्या पाट्या बिघडतात. सेन्सरवरील नॉइजचे दोन भाग असतात: प्रकाशाबरोबर वाढणारा आणि प्रकाश नसतानाही असणारा. रेषीय प्रमाणात नॉइजच्या विचलनाचा वर्ग `a*x + b` असा लिहिता येतो. `x` हा त्या पिक्सेलवरचा प्रकाश. त्यानंतर फोन गॅमा लावतो, आणि गॅमा गडद भागातील लहान फरक खूप ताणतो.

उदाहरणार्थ `a` ०.००२ आणि `b` ०.००००५ घेऊन ०–२५५ च्या प्रमाणात येणारा नॉइज मी काढून पाहिला. प्रकाश ०.८ असलेल्या उजळ भागात तो सुमारे ५, ०.२ असलेल्या मध्यम भागात सुमारे ६, आणि ०.०२ असलेल्या गडद भागात सुमारे १० पायऱ्यांचा निघतो. सावलीतल्या अक्षरांवर उन्हातल्या अक्षरांच्या दुप्पट ठिपके दिसतात ते यामुळेच. सगळीकडे ६ टाकला, तर नेटवर्क उजळ भाग गरजेपेक्षा जास्त पुसते आणि गडद भाग कमी पुसते.

मोजताना एक चकवा आहे. आपल्या हाती आलेला फोटो जेपेग झालेला असतो आणि जेपेगने नॉइजचा बराच भाग आधीच खाल्लेला असतो. म्हणून भिंतीच्या सपाट तुकड्यावर मोजलेला नॉइज साखळीत थेट टाकू नये. अंदाजाने `a` व `b` घ्यावेत, पूर्ण साखळी चालवावी, तयार झालेल्या फोटोवर त्याच पद्धतीने नॉइज मोजावा, आणि दोन्ही मोजमापे जुळेपर्यंत `a` व `b` बदलत राहावे.

पायऱ्यांचा क्रम कोणता ठेवावा?

फोटोच्या बाबतीत प्रत्यक्षात जे ज्या क्रमाने घडले तोच. प्रकाश भिंगातून जाताना ब्लर होतो. सेन्सर तो पिक्सेलांत मोडतो आणि तेथे नॉइज येतो. फोन त्याचा चांगल्या दर्जाचा जेपेग करतो. निरोपांचे ॲप तो जेपेग उघडून लहान करते आणि पुन्हा, या वेळी जास्त दाबून, जेपेग करते. आमच्या फोटोंत ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो १६०० चा होऊन येत होता, म्हणजे अडीच पट लहान.

क्रम बदलला की आकड्यांचा अर्थच बदलतो. नॉइज टाकून मग फोटो अडीच पट लहान केला, तर सुटा सुटा नॉइज सरासरीमुळे अडीच पट घटतो. वरच्या उदाहरणातील १० पायऱ्यांच्या ४ होतात. खऱ्या सेन्सरचा नॉइज रंग भरून काढण्याच्या प्रक्रियेमुळे शेजारच्या पिक्सेलांशी जोडलेला असतो, म्हणून तो थोडा कमी घटतो. आधी लहान करून मग नॉइज टाकला, तर तो पूर्ण १० राहतो आणि प्रत्येक पिक्सेलवर वेगळा असा, खऱ्या फोटोत कधी न दिसणारा वाळूसारखा नॉइज मिळतो. पहिल्या जेपेगचे ८ पिक्सेलचे चौकोन अडीच पट लहान होऊन ३.२ पिक्सेलचे होतात आणि त्यांच्यावर दुसऱ्या जेपेगचे ८ चे चौकोन बसतात. एकदाच जेपेग करून ही दुहेरी वीण मिळत नाही.

आमची साखळी थोडक्यात अशी होती. मूळ तुकडा ३८४ × ३८४, तो १.६ पट लहान होऊन २४०, आणि नंतर २.५ पट लहान होऊन ९६. एकूण चौपट.

```python
import numpy as np, cv2

def to_linear(x):
    return np.where(x <= 0.04045, x / 12.92,
                    ((x + 0.055) / 1.055) ** 2.4)

def to_srgb(x):
    return np.where(x <= 0.0031308, x * 12.92,
                    1.055 * x ** (1 / 2.4) - 0.055)

def jpeg(x8, q):
    ok, buf = cv2.imencode(".jpg", x8, [cv2.IMWRITE_JPEG_QUALITY, int(q)])
    return cv2.imdecode(buf, cv2.IMREAD_COLOR)

def capture(hr, k, a, b, q, rng):
    x = to_linear(hr / 255.0).astype(np.float32)
    x = cv2.filter2D(x, -1, k, borderType=cv2.BORDER_REFLECT_101)
    x = cv2.resize(x, (240, 240), interpolation=cv2.INTER_AREA)
    x = x + rng.normal(size=x.shape) * np.sqrt(a * x + b)
    x = to_srgb(np.clip(x, 0, 1))
    return jpeg(np.round(255 * x).astype(np.uint8), q)

def forward(x8, q):
    return jpeg(cv2.resize(x8, (96, 96), interpolation=cv2.INTER_AREA), q)
```

`capture` मधील काम रेषीय प्रमाणात होते, कारण भिंग व सेन्सर प्रकाशावर काम करतात. `forward` मधील आकारबदल गॅमा लागलेल्या मूल्यांवरच केला आहे, कारण ॲप सहसा तसेच करते. `INTER_AREA` ऐवजी `INTER_CUBIC` घालण्याचा मोह टाळावा. ओपनसीव्ही या वरच्या कोडमधील लायब्ररीचे `INTER_CUBIC` लहान करताना आधी गाळणी लावत नाही, त्यामुळे बारीक रेघांच्या जागी खोट्या लाटा उमटतात. पिलो या पायथनच्या दुसऱ्या लायब्ररीमधील बायक्युबिक गाळणी लावते, म्हणून नाव एक असूनही दोघांचे निकाल वेगळे येतात.

नेटवर्कने दिलेल्या अक्षरांच्या कडा दुहेरी किंवा मऊ का येतात?

सर्वप्रथम तपासावे ते जोडीतील दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नीट बसतात का. ही चूक मी स्वतः केली आणि ती सापडायला फार वेळ गेला. पहिल्या संचात मी ब्लर केलेल्या फोटोतून `x[::4, ::4]` असे लिहून दर चौथा पिक्सेल उचलला होता. चार पिक्सेलच्या गटाचा मध्य पहिल्या पिक्सेलपासून दीड पिक्सेल आत असतो, मी मात्र पहिलाच पिक्सेल उचलत होतो. परिणामी लहान प्रतिमा मोठीच्या मानाने उभ्या व आडव्या, दोन्ही दिशांना दीड पिक्सेल सरकलेली होती.

गंमत अशी की तेवढ्यावर काहीच बिघडलेले दिसले नाही. सरकणे प्रत्येक जोडीत सारखेच असल्याने नेटवर्कने ते शिकून घेतले आणि पडताळणीचे आकडे उत्तम आले, कारण पडताळणीच्या जोड्याही त्याच कोडमधून निघाल्या होत्या. नंतर विविधता वाढवण्यासाठी जोड्या यादृच्छिकपणे उलटवायला सुरुवात केली तेव्हा गाडी अडली. उलटवलेल्या जोडीत सरकण्याची दिशाही उलटते. नेटवर्कला प्रतिमा कोणत्या बाजूला सरकली आहे हे कळायला मार्ग उरत नाही, आणि ते दोन्ही शक्यतांची सरासरी देते. ‘क’चा उभा दंड दोन फिकट दंडांसारखा दिसू लागला तो यामुळे.

याची तपासणी सोपी आहे. लहान प्रतिमा बायक्युबिकने चौपट मोठी करून, दोन प्रतिमांमधील सरक मोजणाऱ्या फेज-कोरिलेशनने मूळ प्रतिमेशी ताडावी. शंभर जोड्यांतील सरासरी सरक शून्याच्या अगदी जवळ यायला हवी. तयार नेटवर्कचीही परीक्षा घेता येते: फोटो आरशासारखा उलटा करून द्यावा, उत्तर पुन्हा उलटे करून साध्या उत्तराशी ताडावे. एकाच दिशेला दीड पिक्सेल सरकायला शिकलेल्या नेटवर्कच्या या दोन उत्तरांत तीन पिक्सेलचे अंतर दिसते. हात हलल्याचा ब्लर दाखवणारे एकतर्फी कर्नल वापरताना त्यांचा भारमध्य कर्नलच्या मधोमध आणून ठेवावा, नाहीतर हाच दोष मागच्या दाराने परत येतो.

जेपेग तुकड्यावर करावे की पूर्ण फोटोवर?

शिकवण्याच्या नेमक्या आकाराच्या तुकड्यावर कधीही करू नये. जेपेग ८ × ८ चे चौकोन प्रतिमेच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून आखते. ६४ × ६४ चा तुकडा कापून मग जेपेग केला, तर प्रत्येक तुकड्यात चौकोनांच्या रेघा नेमक्या त्याच ठिकाणी पडतात. नेटवर्क त्या जागा जणू पाठ करते, आणि कापलेला, थोडा सरकलेला खरा फोटो आला की चौकोन तसेच राहतात.

म्हणूनच वरच्या साखळीत शेवटचा आकार ६४ न ठेवता ९६ ठेवला आहे. ९६ वर जेपेग झाल्यावर त्यातून ६४ चा तुकडा ८ ते २४ यांमधील यादृच्छिक जागेपासून कापायचा, आणि मूळ प्रतिमेतून त्याच्या चौपट जागेपासून २५६ चा तुकडा कापायचा. जागा ११ आणि १९ आली तर मूळ प्रतिमेत ४४ आणि ७६. किमान ८ सोडल्यामुळे कर्नलने कडेला केलेला बिघाडही तुकड्याबाहेर राहतो.

दाब किती ठेवायचा हे खऱ्या फाइलींतूनच वाचावे. दर्जाचा आकडा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखा नसतो, म्हणून तो विचारू नये. त्याऐवजी पिलोमध्ये `im.quantization` लिहून फाइलमधील कोष्टक पाहावे. प्रमाण कोष्टकाचा पहिला आकडा दर्जा ५० ला १६, ७५ ला ८ आणि ९० ला ३ असतो. याहून चांगली सोय म्हणजे मूळ फोटो स्वतःच्याच दुसऱ्या क्रमांकावर पाठवून आलेली फाइल तपासणे. त्यातून आकारबदल आणि दुसरे जेपेग या दोन्ही पायऱ्यांची खरी जोडी फुकट मिळते. रंगाची माहितीही पाहावी: बहुतेक वेळा ती निम्म्या रिझोल्यूशनवर साठवलेली असते, त्यामुळे लाल पाटीवरील पिवळ्या अक्षरांचा रंग कडेबाहेर सांडतो. साखळीतही तसाच सांडायला हवा.

बिघाडाची व्याप्ती किती मोठी ठेवावी? जास्त बिघाड शिकवला तर नेटवर्क अधिक कणखर होणार नाही का?

माझ्या अनुभवात या कामातील सर्वात महाग पडणारा गैरसमज हाच आहे. बिघाड वाढवत नेला की नेटवर्क प्रत्येक लहान ठिपक्याकडे संशयाने पाहू लागते.

आमच्या एका संचात नॉइजची वरची मर्यादा मोजमापाच्या जवळजवळ तिप्पट ठेवली होती. निकाल डोळ्याला फार गोड दिसत होते: भिंती गुळगुळीत, शिरोरेषा सरळ. मग एका पाटीवर ‘वंदन’च्या जागी ‘वदन’ दिसले. लहान फोटोत तो अनुस्वार जेमतेम दोन पिक्सेल रुंद होता, आणि जोरदार नॉइज पाहिलेल्या नेटवर्कला दोन पिक्सेलचा एकटा गडद ठिपका म्हणजे नॉइजच वाटला. देवनागरीत असा ठिपका शब्दाचा अर्थ बदलतो. वंदन आणि वदन हे दोन्ही चांगले शब्द असल्यामुळे वाचणाऱ्याला चूक झाली हे कळणारही नाही. नुक्ता, विसर्ग आणि रफार यांचेही असेच होते. मर्यादा मोजमापापर्यंत खाली आणल्यावर बहुतेक पाट्यांवरील अनुस्वार टिकले. भिंती थोड्या खरखरीत राहिल्या आणि ते आम्ही मान्य केले.

मोजलेल्या वाटणीच्या दोन्ही टोकांना थोडी जागा सोडावी, त्यापलीकडे जाऊ नये. सुमारे दहा टक्के जोड्या जवळजवळ न बिघडवता ठेवाव्यात, म्हणजे चांगल्या फोटोला हात न लावणेही नेटवर्क शिकते. आणि पडताळणीसाठी अनुस्वार-मात्रा असलेल्या शब्दांचा एक वेगळा छोटा संच ठेवून तो माणसाकडून वाचून घ्यावा, कारण पूर्ण फोटोवर काढलेल्या सरासरी गुणांकात दोन पिक्सेल कोठे गेले हे दिसत नाही.

आपला संच खऱ्यासारखा झाला आहे हे कसे ओळखावे?

वीस खरे आणि वीस कृत्रिम तुकडे पिसून, दुप्पट मोठे करून एका कागदावर छापावेत आणि संच तयार न केलेल्या माणसाला वेगळे करायला सांगावेत. तो सहज वेगळे करत असेल तर त्याला विचारावे, कशावरून? आमच्याकडे पहिले उत्तर आले, “खोट्या फोटोंत रंगाचे ठिपके आहेत.” कारण तीनही रंगांत आम्ही स्वतंत्र नॉइज टाकत होतो, तर खऱ्या फोनने रंगातील नॉइज आधीच गाळलेला होता.

हीच परीक्षा लहानसे वर्गीकरण करणारे नेटवर्क शिकवूनही घेता येते, पण ते काय पाहून ओळखते हे शोधणे अवघड जाते. माणसाचे उत्तर थेट दुरुस्तीपर्यंत नेते, म्हणून मी कागदाची परीक्षा आधी घेतो.

जोड्या आधीच तयार करून साठवाव्यात की शिकवतानाच कराव्यात?

शिकवण्याच्या जोड्या त्या त्या वेळी कराव्यात, म्हणजे एकच मूळ तुकडा दर फेरीत वेगळ्या बिघाडाने समोर येतो. एकाच वेळी अनेक प्रक्रिया चालत असल्यास प्रत्येकीला यादृच्छिक आकड्यांचे वेगळे बीज द्यावे, नाहीतर सगळ्या प्रक्रिया तेच आकडे उचलतात आणि विविधता नावालाच उरते. पडताळणीच्या जोड्या मात्र एकदाच तयार करून फाइलमध्ये ठेवाव्यात. आणि विभागणी तुकड्यांची न करता फोटोंची करावी. एकाच पाटीचे लागोपाठ काढलेले पाच फोटो असतील तर पाचही एकाच बाजूला जावेत.

या पद्धतीने काय साध्य होत नाही?

ब्लर फोटोभर सारखा नसतो: एखादा भाग फोकसमध्ये, एखादा बाहेर, कडेला भिंगाचा दोष वेगळा. एका तुकड्याला एक कर्नल लावणाऱ्या साखळीत हे येत नाही. अंधारात अनेक फोटो मिसळून एक करणाऱ्या फोनचा नॉइजही `a*x + b` या सूत्रात बसत नाही. त्यासाठी त्याच फोनचे फोटो मोजूनच वेगळी पायरी करावी लागते.

याहून मोठी मर्यादा माहितीची आहे. ज्या अक्षराची उंची लहान फोटोत पाच-सहा पिक्सेल उरली आहे, त्यात ‘घ’ होता की ‘ध’ हे फोटोत लिहिलेलेच नसते. नेटवर्क शिकलेल्या पाट्यांच्या आधारे एक अक्षर निवडते आणि ते तितक्याच ठसठशीतपणे काढते. म्हणून आम्ही आमच्या संचात दहा पिक्सेलपेक्षा कमी उंचीच्या अक्षरांचे तुकडे ठेवत नाही, आणि वाहनाचा क्रमांक, पावतीवरील रक्कम किंवा सात-बाऱ्यावरील नाव वाचण्यासाठी हे नेटवर्क मागणाऱ्यांना नकार देतो. अशा वेळी मूळ फोन शोधून त्यातील न पाठवलेला फोटो मागवण्यास सांगतो.